तारखांची रांग

मी साखऱ्याचा, सेनगाव तालुक्यातला. उभी नोकरी ग्रामसेवक म्हणून केली, मराठवाड्यातल्या निरनिराळ्या पंचायत समित्यांमध्ये. त्यातली काही वर्षं अशा एका साहेबांच्या हाताखाली गेली, जे माणसाची चूक खोलीत सांगत नसत, भरल्या सभागृहात सांगत. आणि काम देताना त्याला किती वेळ लागेल हे मोजत नसत. त्यांचं नाव किंवा त्या कार्यालयाचं नाव मी इथे घेणार नाही, कारण सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दल नाही. आता निवृत्तीनंतर गावातली, शेजारच्या गावांतली नोकरदार मुलंमुली घरी येतात. कुणी तलाठी आहे, कुणी आरोग्यसेविका, कुणी पुण्यात कंपनीत. "काका, साहेब फार छळतो, काय करू?" हा प्रश्न प्रत्येकाचा वेगळा असतो आणि एकच असतो. त्यांना तुकड्यातुकड्यांत जे सांगतो, ते इथे एकत्र मांडतो आहे.

१. एकट्या प्रसंगाला वरच्या टेबलावर वजन नसतं.

हे कळलं तेव्हा मला सगळ्यात जास्त लागलं होतं. मासिक आढावा बैठकीत नाव घेऊन उभं करायचं आणि सगळ्या तालुक्याचे ग्रामसेवक, विस्तार अधिकारी, कधी कधी कामासाठी आलेले सरपंच यांच्यादेखत "याला पगार कशाचा देतो आपण?" असं विचारायचं, हे ज्याच्यावर गुदरतं त्याला आयुष्यभर पुरतं. पण तीच गोष्ट जिल्हा परिषदेत जाऊन सांगितली की समोरचा अधिकारी म्हणतो, "आढावा आहे, बोलावं लागतं. कामाचा ताण त्यांनाही असतो." आणि त्याचं म्हणणं खोटं नसतं. एका दिवसाच्या बोलण्याला चार कारणं देता येतात: प्रकृती बरी नसेल, वरून दट्ट्या आला असेल, तुमचं काम खरंच मागे असेल, तुम्ही फार मनाला लावून घेत असाल. पाऊस कमी झाला हे एका कोरड्या दिवसावरून कुणी मान्य करत नाही. मंडळाच्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद दाखवली की मान्य करावं लागतं. साहेबांच्या वागण्याचंही तसंच आहे. दाखवायच्या असतात त्या तीन गोष्टी. पहिली, पुनरावृत्ती: तेच वागणं, त्याच पद्धतीने, वेगवेगळ्या तारखांना. दुसरी, निवड: तेवढंच काम मागे असलेल्या इतरांना तीच वागणूक मिळते, की ठरावीक माणसालाच? तिसरी, परिणाम: त्यातून नोटीस निघाली, वेतनवाढ अडली, गोपनीय अहवालात शेरा आला, रजा नाकारली गेली, असं काही कागदावर उतरलं का? या तिन्ही गोष्टी एका रांगेत उभ्या राहिल्या, की वरच्या अधिकाऱ्याला "बोलले असतील रागात" म्हणून फाईल मिटवता येत नाही. पुनरावृत्ती आहे पण निवड नाही, म्हणजे साहेब सगळ्यांशीच तसे वागतात, तर ती तक्रार एकट्याने नेण्याची नसते. मग प्रत्येकाने आपापली नोंद घेऊन स्वतंत्र अर्ज करावेत. एकाच मजकुराखाली वीस सह्या असलेला कागद "कुणीतरी भरीला घातलंय" म्हणून बाजूला पडताना मी पाहिला आहे. वीस वेगळ्या हस्ताक्षरांतले, वेगळ्या तारखांचे अर्ज तसे बाजूला टाकता येत नाहीत.

२. नोंदवहीत विशेषणाला जागा नाही.

अपमान झालेल्या माणसाच्या हातात पेन दिलं की पहिला शब्द येतो तो "अर्वाच्य", दुसरा "हुकूमशाही". हे शब्द खरे असतात, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही. साहेब नेमकं काय म्हणाले ते लिहिलं, की विशेषण तो स्वतः लावतो. माझ्या वहीतली नोंद साधारण अशी असे: तारीख आणि वेळ, जागा, म्हणजे सभागृह, दालन की फोन, विषय, उदाहरणार्थ घरकुलांचे प्रलंबित फोटो, साहेबांचं वाक्य, ऐकलं तसं, अवतरणात, मी काय उत्तर दिलं, कोण हजर होतं, आणि शेवटी या प्रसंगाचा कुठला कागद अस्तित्वात आहे, म्हणजे बैठकीची नोटीस, हजेरीपत्रक, इतिवृत्त, व्हॉट्सॲपचा मेसेज. नोंद त्याच रात्री करायची, घरी, स्वतःच्या वहीत, पानांना आधीच क्रमांक घालून. कार्यालयातल्या संगणकावर नाही आणि सरकारी कागदावरही नाही. एखादं वाक्य नेमकं आठवत नसेल तर "नेमके शब्द आठवत नाहीत, आशय असा" असं लिहायचं. या एका कबुलीने बाकीच्या नोंदींवरचा विश्वास वाढतो. आणखी एक सवय मला फार उपयोगी पडली: साहेबांनी ज्या दिवशी योग्य कारणासाठी, योग्य शब्दांत कान धरला, त्या दिवसाचीही नोंद ठेवायची. पुढे वही दाखवायची वेळ येते तेव्हा वाचणारा हेच शोधत असतो, की हा माणूस वैर धरून लिहितो आहे की जे घडलं ते लिहितो आहे.

साक्षीदारांबद्दल एक गोष्ट मला उशिरा उमगली आणि तिने मन हलकं केलं. सहकाऱ्यांकडून मी "साहेब असं बोलले" अशी सही मागितली नाही, कारण त्यांचीही घरं त्याच पगारावर चालत होती. पण बैठकीच्या हजेरीपत्रकावर त्यांची सही आधीच असते. चौकशी झाली, तर अधिकारी त्या यादीतल्या लोकांना स्वतः बोलावून विचारू शकतो, आणि स्वतःहून पुढे न येणारा माणूसही विचारल्यावर सहसा खोटं बोलत नाही. म्हणून वहीत हजर असलेल्यांची नावं लिहायची ती त्यांच्याकडून धैर्याची अपेक्षा धरून नाही. चौकशी करणाऱ्याला कुठे विचारायचं ते कळावं म्हणून.

३. मुदत अशक्य होती, हे रडून नाही, मोजून सिद्ध होतं.

"एवढ्या वेळात कसं होणार?" या प्रश्नाला साहेबांचं उत्तर ठरलेलं असतं: "बाकीच्यांचं होतं, तुमचंच कसं होत नाही?" म्हणून एक प्रकरण आकड्यांसकट सांगतो. प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलाच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेवर जाऊन, मोबाइलवरच्या ॲपमधून, अक्षांश-रेखांशासह काढावा लागतो. त्यावर पुढचा हप्ता अवलंबून असतो. माझ्याकडे दोन गावं होती, एकमेकांपासून नऊ किलोमीटरवर, आणि मिळून ४६ घरकुलांचे फोटो बाकी होते. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तालुक्याच्या ग्रुपवर मेसेज आला: उद्या सकाळी ११ पर्यंत शंभर टक्के, नाहीतर कारवाई. आता हे मोजून पाहू. अंधारात बांधकामाचा फोटो चालत नाही. सकाळी साडेसहाला उजाडलं असं धरलं तर अकरापर्यंत साडेचार तास, म्हणजे २७० मिनिटं. लाभार्थ्याला शोधणं, घरापर्यंत पोचणं, नेटवर्क पकडणं आणि फोटो चढवणं याला एका घरामागे दहा मिनिटं, हे मी आधीच्या कामावरून ठरवलेलं प्रमाण. म्हणजे दोन गावांमधला प्रवास सोडूनही २७ घरं. ४६ कुठल्याही माणसाने होणार नाहीत. मी त्या सकाळी २२ फोटो चढवले आणि अकराच्या आत ग्रुपवर न लिहिता साहेबांना स्वतंत्र मेसेज केला: "४६ पैकी २२ पूर्ण. उरलेले २४ आज सूर्यास्तापर्यंत पूर्ण करतो." ते संध्याकाळी पूर्णही झाले. पुढच्या बैठकीत मात्र वाचली गेली ती अकरा वाजताची यादी.

या प्रकरणातली खरी गोम वेगळीच होती. जिल्ह्याच्या कार्यालयाचं मूळ पत्र सोमवारचं होतं आणि त्यात मुदत शुक्रवारच्या सायंकाळपर्यंत होती. म्हणजे वरून पाच दिवस मिळाले होते. त्यातले चार तालुक्याच्या टेबलावर गेले, आणि शेवटच्या दिवशीचीही दुपार कापून आमच्या हातात एक रात्र आणि अर्धी सकाळ आली. अशक्य मुदतीच्या प्रत्येक प्रसंगात मी पुढे हेच शोधू लागलो: वरच्या पत्राची तारीख कोणती, ते आवक नोंदवहीत कधी चढलं, आमच्यापर्यंत कधी आलं, आणि माहिती दिल्यावर ती खरोखर त्या दिवशी वर गेली का. या चार तारखा शेजारी शेजारी लिहिल्या की दिसतं, घाई शासनाची होती की साहेबांची. काही वेळा घाई खरंच वरूनच आलेली निघाली, आणि ते प्रसंग मी यादीतून काढून टाकले. उरलेले भक्कम झाले.

या तारखा मिळवण्याचा रस्ता म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. दहा रुपयांचं शुल्क, साधा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. न आल्यास किंवा अपुरं आल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. पण प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून असतं. "मला एवढी कमी मुदत का दिली?" असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण 'का' हा प्रश्न म्हणजे माहिती नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगून ठेवलं आहे. "अमुक महिन्याच्या आवक नोंदवहीच्या पानांच्या आणि अमुक विषयाच्या पत्राच्या छायाप्रती द्याव्यात" असं मागितलं तर त्या द्याव्या लागतात. साहेबांना पूर्वी मिळालेल्या नोटिसा मात्र मागून उपयोग नाही. कर्मचाऱ्याला दिलेले ज्ञापन, नोटीस, शिक्षा ही त्याची वैयक्तिक माहिती ठरते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निर्णय आहे, आणि जन माहिती अधिकारी सहसा तोच पुढे करतात.

४. तोंडी आदेशाला लेखी पुष्टी मागणं हे उद्धटपणाचं नाही, नियमाचं आहे.

आमच्याकडे लेखी मागितलं की "आता मला कायदा शिकवणार का?" असं ऐकावं लागतं, म्हणून लोक गप्प बसतात. पण महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला तिसरा नियम उघडून पाहा. वरिष्ठांच्या निदेशावरून काम करायचं असेल तर ते शक्य तिथे लेखी घ्यावेत, आणि ते शक्य नसेल तर त्यांची लेखी पुष्टी नंतर लवकरात लवकर मिळवावी, असं तो नोकरालाच सांगतो. म्हणजे पुष्टी मागणं हे तुमचं कर्तव्य आहे. आम्हा जिल्हा परिषदेच्या नोकरांना १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम लागू होतात. तुम्हाला कुठले लागू आहेत ते पाहून तो नियम स्वतः वाचून घ्या, कारण वाचलेल्या माणसाचा आवाज आपोआप शांत राहतो.

प्रत्यक्षात मी "लेखी द्या" असं कधी म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत एक मेसेज करत असे: "मा. महोदय, आज सायं. ५.१५ वा. दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेनुसार दोन्ही गावांची करवसुलीची माहिती उद्या सकाळी १० वाजेपर्यंत सादर करावयाची आहे. उद्याच नियोजित लसीकरण सत्र व ग्रामसभा आहे. यापैकी प्राधान्य कशास द्यावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे." या मेसेजमधलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. काम नाकारलेलं नाही, आदेशाची वेळ नोंदली गेली, आणि दोन कामं एका वेळेत बसत नाहीत हा प्रश्न साहेबांच्या पुढ्यात गेला. उत्तर आलं तर तो लेखी आदेश झाला. नाही आलं, तर उत्तर न येणंही नोंदलं गेलं. महत्त्वाचा मजकूर असेल तर तो कागदावर लिहून आवक शाखेत द्यावा आणि आपल्या प्रतीवर क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. हा पोच दिलेला कागद ज्याच्या घरी असतो, त्याच्या फाईलमधून तो कुणी काढू शकत नाही.

व्हॉट्सॲपवरचे अपमान जपायचे असतील तर नुसता स्क्रीनशॉट कमजोर पडतो, कारण तो कापता येतो. मूळ संभाषण त्याच फोनमध्ये राहू द्यावं, ग्रुप सोडू नये, आणि अधूनमधून पूर्ण चॅट निर्यात करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावं. खात्याच्या चौकशीत पुराव्याचे नियम कोर्टाइतके काटेकोर नसतात. पण प्रकरण न्यायालयात गेलंच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते देण्यासाठी मूळ उपकरण जपलेलं असलं की काम सोपं होतं.

५. आपण रांग लावत असतो तेव्हा साहेबही आपली रांग लावत असतात.

मुदत पाळली नाही म्हणून कारणे दाखवा नोटीस, खुलासा समाधानकारक नाही म्हणून दुसरी नोटीस, मग सक्त ताकीद, आणि वर्षअखेरीस गोपनीय अहवालात "कामात निष्काळजी" असा शेरा. अशक्य मुदतीचा हा खरा धोका आहे. ओरडणं विसरलं जातं, कागद राहतो. म्हणून आलेल्या प्रत्येक नोटिशीला उत्तर गेलंच पाहिजे. "चोवीस तासांत खुलासा करा" असं असेल आणि माहिती जमवायला वेळ हवा असेल, तर त्या चोवीस तासांतच दोन ओळींचा अर्ज द्यावा: नोटीस मिळाली, अमुक कागदांच्या प्रती मिळाव्यात, त्या मिळाल्यापासून सात दिवसांत सविस्तर खुलासा सादर करतो. गप्प बसलेल्याच्या नावावर "काही म्हणणे नाही" असं लिहिलं जातं.

खुलाशात साहेबांच्या स्वभावाबद्दल एक अक्षरही लिहू नये. तिथे फक्त ते काम: आदेश किती वाजता मिळाला, कामाचा आकार काय, किती वेळात किती झालं, उरलेलं कधी पूर्ण झालं, जोडपत्रं कोणती. वागण्याची तक्रार हा वेगळा कागद आहे, तो वेगळ्या दिवशी, वेगळ्या पत्त्यावर जातो. दोन्ही एकत्र केले की खुलासा प्रतिहल्ल्यासारखा वाचला जातो आणि दोन्हीचं वजन जातं. गोपनीय अहवालाबद्दल एवढं लक्षात असू द्या: प्रतिकूलच नव्हे, त्यातली प्रत्येक नोंद नोकराला कळवली पाहिजे आणि त्यावर अभिवेदन करण्याची संधी दिली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त यांच्या खटल्यात म्हटलं आहे. प्रत मागा. शेरा असेल तर विहित मुदतीत अभिवेदन करा, आणि त्याच्यासोबत हे खुलासे जोडा. तेव्हा कळतं की प्रत्येक खुलासा लिहिण्यात घातलेली रात्र वाया गेली नव्हती.

६. कायदा या वाटेवर थोड्याच अंतरापर्यंत सोबत येतो.

हे ऐकून मुलं खट्टू होतात, पण सांगणं भाग आहे. कामाच्या ठिकाणी सर्वांसमोर अपमान करणं आणि अशक्य मुदती देणं, एवढ्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. महिलेच्या अपमानाला लैंगिक रंग असेल तर २०१३ चा कायदा आहे. घटनेपासून, आणि मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे तक्रार द्यावी लागते. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा तो त्या समाजाचा म्हणून लोकांदेखत पाणउतारा झाला असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. या दोन्हींत न बसणारा छळ शिस्त आणि वर्तणूक नियमांच्या हद्दीत राहतो, म्हणजे वरिष्ठांच्या वरिष्ठांकडे.

मराठवाड्यात या विषयावर सगळ्यांनी माहीत करून घ्यावं असं एक प्रकरण आहे. औरंगाबादच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने ऑगस्ट २०१७ मध्ये आयुष्य संपवलं. पत्नीने पोलिसांत सांगितलं की वरिष्ठ अधिकारी कामाचा अतोनात भार टाकत, अवेळी आणि सुट्टीच्या दिवशीही बोलावत, एक महिन्याचा पगार थांबवला होता आणि वेतनवाढ रोखण्याची धमकी होती. गुन्हा नोंदला गेला. औरंगाबाद खंडपीठाने तो रद्द करायला जानेवारी २०१८ मध्ये नकार दिला, पण त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. एखाद्याला जाणूनबुजून त्या टोकाला नेणारी परिस्थिती निर्माण केली असेल तर गुन्हा होऊ शकतो, हे न्यायालयाने मान्य केलं. पण समोर चिठ्ठी नव्हती, पत्नीच्या सांगण्याखेरीज आधार नव्हता, आणि तेवढ्याने गुन्हा उभा राहत नाही असं ठरलं. या निकालाकडे मी हळहळत पाहतो. त्या घरावर काय गुदरलं असेल याची कल्पना करवत नाही. पण त्यातून निघणारा अर्थ स्वच्छ आहे: कामाचा भार देणं हा एरवी वरिष्ठाचा अधिकार मानला जातो, तो अधिकार छळात कधी बदलला, हे दाखवायचं ओझं खालच्या माणसावरच असतं, आणि ते त्याने हयातीत, वेळेवर, कागदावर उतरवलेलं असलं तरच पेलतं. ज्याचं मन त्या टोकाकडे जाऊ लागलं असेल त्याने वही, अर्ज, पुरावे सगळं बाजूला ठेवून आधी घरात बोलावं, १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोलावं. नोकरी हा आयुष्याचा एक भाग आहे, आयुष्य नाही.

७. तक्रार दोन पानांची असावी आणि तिने काहीतरी मागावं.

वही जाड झाली म्हणून तक्रार जाड करायची नसते. पहिल्या परिच्छेदात मी कोण, कुठे, कधीपासून. मग एक तक्ता: तारीख, प्रसंग, शब्द, उपस्थित, कागद. वहीतल्या सगळ्या नोंदी त्यात येऊ नयेत. ज्यांना कागदाचा आधार आहे अशाच सहा-सात निवडाव्यात. आधार नसलेली एक नोंद खोटी पडली की बाकीच्या सहाही संशयात जातात. दुसऱ्या तक्त्यात मुदतींच्या त्या चार तारखा. शेवटी मागणी. बहुतेक तक्रारी इथे कोसळतात, कारण "योग्य ती कारवाई व्हावी" एवढंच लिहिलेलं असतं, आणि योग्य काय ते वाचणारा ठरवतो. मी तीन गोष्टी मागितल्या: वैयक्तिक कामगिरीबद्दलची टीका सभागृहात किंवा ग्रुपवर न होता दालनात किंवा लेखी व्हावी, माहिती मागवताना वरिष्ठ पत्राची प्रत सोबत मिळावी, आणि जोडलेल्या नोटिसा खुलाशांसह तपासून निकाली काढाव्यात. या तिन्ही गोष्टी एका सहीने होण्यासारख्या होत्या.

पाठवण्याच्या वाटेतही अडचण आहेच. अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे साहेबांच्याच टेबलावरून, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जायला हवा. म्हणून मूळ अर्ज "द्वारा" लिहून कार्यालयात द्यायचा, पोच घ्यायची आणि आगाऊ प्रत थेट वर पाठवायची. आमदार, पुढारी, वर्तमानपत्र यांच्याकडे धाव घ्यायची नाही. नोकरीबाबत बाहेरून दबाव आणणं वर्तणूक नियमांना धरून नाही, आणि तसं केलं की चौकशी साहेबांच्या वागण्याची न होता तुमच्या वागण्याची होते.

माझ्या अर्जाचं काय झालं ते सांगतो, म्हणजे कुणी जास्त आशा धरणार नाही आणि कमीही धरणार नाही. साहेबांना शिक्षा झाली नाही. गटविकास अधिकारी राज्य सेवेतले असतात, त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई जिल्ह्यात होत नाही. जिल्हा फार तर वर अहवाल पाठवू शकतो. दोन्ही बाजूंना बोलावून विचारणा झाली. बैठकीला हजर असलेल्यांपैकी काहींना विचारलं गेलं, आणि त्यांनी जे ऐकलं होतं ते सांगितलं. माझ्या नोटिसा दप्तरी दाखल झाल्या, म्हणजे त्यांच्यावर पुढे काही झालं नाही. त्यानंतर ग्रुपवर माहिती मागवताना मूळ पत्र सोबत येऊ लागलं. बैठकीतला आवाज पूर्ण उतरला नाही, पण नाव घेऊन उभं करणं थांबलं. पुढे नेहमीच्या बदल्यांमध्ये साहेब गेले.

जमवलेल्या नोंदींनी साहेब बदलत नाहीत. त्या तुमचा सेवापट स्वच्छ ठेवतात, तुमच्या पाठच्या माणसाला थोडी मोकळी हवा देतात, आणि आपण खरंच नालायक आहोत का या रात्रीच्या प्रश्नाला तारखांसकट उत्तर देतात. एवढ्यासाठी ते कष्ट घेण्याजोगे आहेत, असं माझं ठाम मत आहे. तुमच्यावर ही वेळ आली असेल तर तक्रारीचा विचार नंतर करा. आज रात्री वही काढा, पानांना क्रमांक घाला आणि आजची तारीख लिहा.